28 डुकरांचं व्याज 78 डुकरांवर: आयोवा, 1929 ते 1933

कर्जाचा कागद कधी भाव विचारत नाही. त्यावर मुद्दल लिहिलेलं असतं, व्याजाचा दर असतो, तारीख असते. माल विकून किती येणार, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पीककर्जाच्या फाइली हाताळण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो, कागदाच्या या एका स्वभावातून जितकी घरं बुडाली तितकी चुकीच्या हिशोबातून बुडाली नाहीत. हा स्वभाव सगळ्यात उघडा कुठे पडला असेल, तर तो अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, 1929 ते 1933 या चार वर्षांत. म्हणून चलनघट, म्हणजे डिफ्लेशन, सगळेच भाव एकत्र उतरत जाणं, समजून घ्यायला मी तेच प्रकरण घेतो.

एक शेतकरी डोळ्यांसमोर आणा. माणूस काल्पनिक आहे, भाव मात्र त्या काळचे खरे आहेत. त्याच्याकडे 160 एकर जमीन आहे. तिकडे जमिनीची मोजणी चौरस मैलांनी झालेली, आणि मैलाचा चतुर्थांश म्हणजे 160 एकर, हे साधारण एका कुटुंबाचं रान. त्यावर 10,000 डॉलरचं गहाणखत, व्याज 6 टक्के. म्हणजे वर्षाला 600 डॉलर नुसतं व्याज. रानात मका होतो, आणि बराचसा मका घरच्याच डुकरांना घालून डुकरं बाजारात न्यायची, ही तिथली रीत.

1929 मध्ये डुकराचा सरासरी भाव 100 पौंडांना साधारण 9 डॉलर 40 सेंट होता. पोसलेलं डुक्कर 230 पौंडांचं धरलं तर एकाचे साडेएकवीस डॉलरच्या वर येतात. 28 डुकरं विकली की वर्षाचं व्याज सुटलं. 1932 मध्ये तोच भाव 3 डॉलर 35 सेंटच्या आसपास आला. तेवढ्याच वजनाच्या डुकराचे आता पावणेआठ डॉलरही होईनात. व्याज तेच 600 डॉलर, डुकरं मात्र 78 लागणार.

मक्यात मोजलं तरी चित्र तेच. 1929 च्या पिकाला बुशेलमागे सरासरी 80 सेंट मिळाले, 1932 च्या पिकाला 32. बुशेल म्हणजे साधारण 25 किलो. आधी 750 बुशेलमध्ये व्याज भागायचं, आता 1,875 लागू लागले. एकराला 40 बुशेल पीक धरलं, तर आधी 19 एकरांचा मका व्याजाला जायचा आणि आता 47 एकरांचा. आणि ही देशाची सरासरी झाली. त्या हिवाळ्यात आयोवाच्या खेड्यांत मका दहा-बारा सेंटांवर आला होता, आणि लोक कोळसा विकत घेण्याऐवजी शेगडीत कणसं जाळत होते.

आता मुद्दलाकडे पाहा, कारण खरा घाव तिथे आहे. 10,000 डॉलर म्हणजे 1929 मध्ये 12,500 बुशेल मका आणि 1932 मध्ये 31,250. या माणसाने एक डॉलरही नवं कर्ज काढलेलं नाही, एकही हप्ता चुकवलेला नाही. तरीही तो आपल्या पिकात अडीच पट कर्जबाजारी झाला.

आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता: व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. मुंबई इलाख्यातली कोर्टंही तो मानत. नियम शहाणपणाचा होता, पण तो रुपयांत मोजणारा. मुद्दल रुपयांत जागच्या जागी राहून धान्यात दुप्पट होतं, त्याला दामदुपटीचा काही उपाय नाही. चलनघटीत सावकाराला लबाडी करावी लागत नाही. तो गप्प बसला तरी त्याचं येणं वाढतं.

तारणाचं काय झालं तेही बघू. आयोवात जमिनीचा भाव पहिल्या महायुद्धाच्या तेजीत भडकून 1920 मध्ये एकरी सरासरी 255 डॉलरवर गेला होता. गहाणखतांचा बराच मोठा भाग त्या तेजीतला. दहा वर्षांनी, 1930 मध्ये, भाव 124 डॉलर होता आणि 1933 मध्ये 69. आपल्या शेतकऱ्याची 160 एकर जमीन 1930 मध्ये जवळपास 20,000 डॉलरची होती. म्हणजे कर्ज तारणाच्या निम्मं, कुठल्याही बँकेला चालेल असं. तीच जमीन 1933 मध्ये 11,000 डॉलरची झाली. कर्ज तारणाच्या 90 टक्क्यांवर गेलं. लिलावाचा खर्च आणि थकलेलं व्याज धरलं तर खातं बुडीतच. फाइलवर सही करणाऱ्या माणसाने 1930 मध्ये काहीही चूक केली नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. नंतर चौकशीला बसणाऱ्यांना ते कधीच पटत नाही.

मग शेतकऱ्याने काय करावं? भाव निम्मा झाला तर कारखानदार माल काढणं कमी करतो. शेतकरी उलट करतो. त्याला डॉलर हवे आहेत, आणि डॉलर आणायला त्याच्याकडे दुसरं काही नाही. म्हणून तो बांधापर्यंत मका पेरतो, एरवी राखून ठेवली असती ती मादीही बाजारात नेतो. एकट्यासाठी हे बरोबर आहे. शेजारीही तेच करतो, पलीकडच्या तालुक्यातला माणूसही तेच करतो, आणि सगळ्यांचा माल एकदम बाजारात आल्यावर भाव आणखी खाली जातो. कर्ज फेडायची धडपडच कर्ज जड करते.

ही गाठ सर्वांत स्पष्ट उलगडून दाखवली अर्विंग फिशर यांनी. येल विद्यापीठातले नामांकित अर्थतज्ज्ञ, आणि 1929 च्या ऑक्टोबरमध्ये शेअरचे भाव कायमच्या उंच पठारावर पोचलेत असं सांगून जगभर हसं झालेले. फिशर स्वतः कर्ज काढून शेअर घेऊन बसले होते. कार्ड रचून ठेवायच्या एका पद्धतीच्या शोधातून मिळवलेली संपत्ती त्यात गेली, मेहुणीचं देणं झालं, राहतं घर विद्यापीठाला विकून भाड्याने राहावं लागलं. म्हणून 1933 मध्ये त्यांनी कर्ज आणि चलनघट यांवर लिहिलेला निबंध मला एखाद्या थकबाकीदाराच्या जबानीसारखा वाटतो. त्यातला एक हिशोब लक्षात ठेवण्याजोगा आहे. 1929 पासून मार्च 1933 पर्यंत लोकांनी फेडून, बुडवून, लिलाव होऊन एकूण कर्ज सुमारे 20 टक्क्यांनी कमी केलं. पण तेवढ्यात डॉलरची किंमत, म्हणजे एका डॉलरला मिळणारा माल, 75 टक्क्यांनी वाढली. 100 चं कर्ज 80 झालं, पण त्या 80 डॉलरचं वजन पावणेदोन पट. 80 गुणिले 1.75 म्हणजे 140. सगळा देश चार वर्षं कर्ज फेडत होता आणि शेवटी देणं 40 टक्क्यांनी वाढलेलं निघालं.

यात बँकांचा वाटा असतो, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बँक कर्ज देते तेव्हा खात्यात नवी ठेव तयार होते. कर्ज फेडलं की तेवढी ठेव नाहीशी होते. सगळे एकदम फेडू लागले आणि नवं कर्ज कुणी घेईना, देईना, की बाजारातला पैसाच आटतो. त्यात बँका बुडाल्या तर बुडालेल्या ठेवींचा पैसाही गेला, आणि ज्यांच्या वाचल्या त्यांनी भीतीने नोटा काढून घरी ठेवल्या. 1930 ते 1933 मध्ये अमेरिकेत 9,000 च्या वर बँका बंद पडल्या. देशातला एकूण पैसा तिसऱ्या हिश्शाने घटला. पैसा कमी, माल तेवढाच, म्हणून भाव आणखी खाली. आयोवातल्या छोट्या गावच्या बँकेकडे तारण म्हणून होतं काय, तर हीच जमीन आणि हीच डुकरं.

इथपर्यंत कर्जाचं झालं. खर्च का गोठतो, हा दुसरा धागा. पुस्तकांत याचं एकच कारण देतात: उद्या स्वस्त मिळणार म्हणून माणूस आज घेत नाही. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे, आणि अर्ध्यावर थांबलं की लोक लगेच विचारतात की मोबाइल तर दरवर्षी स्वस्त होतो, तरी आपण घेतोच ना? प्रश्न रास्त आहे. मोबाइल स्वस्त होतो तेव्हा आपला पगार स्वस्त होत नाही. एका वस्तूचा भाव उतरणं म्हणजे चलनघट नव्हे. सगळे भाव, त्यात मजुरी आणि पगारही, एकत्र उतरू लागतात तेव्हा गोष्ट वेगळी होते.

आधी रोकड बाळगणाऱ्याचं पाहू. अमेरिकेत ग्राहकभाव 1931 मध्ये सुमारे 9 टक्क्यांनी आणि 1932 मध्ये सुमारे 10 टक्क्यांनी उतरले. म्हणजे गादीखाली ठेवलेल्या नोटेवर वर्षाला 10 टक्के सुटत होते, बिनजोखमीचे आणि विनाकर. आता समजा, कुणाला गिरणी टाकायची आहे. बँक 5 टक्क्यांनी कर्ज देते, कागदावर दर स्वस्त दिसतो. पण गिरणीतून निघणारं पीठ वर्षभरात 10 टक्के स्वस्त विकावं लागणार, हप्ता मात्र पूर्ण डॉलरात भरायचा. त्याच्यासाठी खरा दर 15 टक्क्यांच्या आसपास जातो. शहाणा माणूस गिरणी टाकत नाही. बँकेने दर शून्यावर आणला तरी 10 टक्के उरतातच, कारण शून्याच्या खाली कोण कर्ज देणार? चलनघटीत मध्यवर्ती बँकेचे हात बांधले जातात ते इथे.

थांबवता येतो तो खर्च आधी थांबतो. मीठ, पीठ, केरोसीन घ्यावंच लागतं. मोटार, ट्रॅक्टर, नवं कपाट, घराचं छप्पर पुढच्या वर्षावर ढकलता येतं. 1929 मध्ये अमेरिकेत सुमारे 44 लाख 50 हजार प्रवासी मोटारी तयार झाल्या. 1932 मध्ये सुमारे 11 लाख.

पण या मोटारी न घेणाऱ्यांत स्वस्ताईची वाट बघणारे किती आणि घेण्याची ताकदच नसलेले किती, हे विचारायला हवं. त्याचं उत्तर देणारा एक तक्ता गार्डिनर मीन्स या अर्थतज्ज्ञाने 1935 मध्ये मांडला. 1929 पासून 1933 च्या वसंतापर्यंत शेतमालाचा भाव 63 टक्क्यांनी उतरला आणि शेतमालाचं उत्पादन फक्त 6 टक्क्यांनी. शेतीच्या अवजारांचं नेमकं उलट: भाव उतरला 6 टक्क्यांनी, उत्पादन 80 टक्क्यांनी. मला हा तक्ता या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटतो.

नांगराच्या कारखान्यांनी भाव फारसा सोडला नाही, माल काढणंच बंद केलं. म्हणजे नांगर उद्या स्वस्त होईल म्हणून शेतकरी थांबला होता असं म्हणायला जागाच नाही, कारण तो स्वस्त होतच नव्हता. त्याच्याकडे व्याज आणि जमिनीवरचा कर भरून नांगराला काही उरत नव्हतं. कर हाही डॉलरात ठरलेला, रेल्वेचं भाडंही तसंच. 78 डुकरं व्याजाला गेल्यावर जे उरेल तेच तो खर्च करणार. मग कारखान्यातला कामगार घरी बसला. घरी बसलेला कामगार डुकराचं मांस कमी खातो. ते भावात दिसतं, आणि भाव फिरून आयोवात पोचतो.

शहरातही कर्जानेच खर्च गोठवला, पण जरा वेगळ्या वाटेने. 1920 च्या दशकात मोटार, रेडिओ, शिलाई मशीन हप्त्यांवर घेण्याची चाल पडली होती. करार कडक असत. हप्ता चुकला की वस्तू परत नेत, आणि भरलेले सगळे पैसे गेले. 15 हप्ते भरून झाले आणि तीन उरलेत, अशा माणसाची नोकरी डळमळीत झाली तर तो काय करेल? तो मोटार सोडत नाही. तो कपडे, जेवण, डॉक्टर यांवरचा खर्च छाटतो आणि हप्ता भरत राहतो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी 1930 च्या घसरणीचं एक कारण हेच सांगितलं आहे. थकबाकी कमी दिसते, खातं नियमित दिसतं आणि बाजार ओस पडतो. वसुली उत्तम आहे म्हणून निश्चिंत बसणारे अधिकारी मी पाहिले आहेत. वसुली कशातून आली ते पाहायची सवय फार थोड्यांना असते.

पुन्हा आयोवाला येऊ. 1932 च्या हिवाळ्यापर्यंत जप्त्या इतक्या वाढल्या की लोकांनी स्वतःचा एक मार्ग काढला. शेतकऱ्याचं सामान लिलावात निघालं की शेजारीपाजारी शंभर-दोनशे जण अंगणात जमायचे. घोड्याला पाच सेंट, नांगराला दहा सेंट, गाईला पंधरा, अशी बोली लागायची. बाहेरचा कुणी वर बोलू लागला तर आजूबाजूची माणसं त्याच्या खांद्यावर हात ठेवत. काही ठिकाणी धान्याच्या कोठाराच्या दारावर दोराचा फास टांगून ठेवलेला असे, काही न बोलता. लिलाव काही डॉलरांत संपायचा, आणि घेतलेलं सगळं मूळ मालकाला परत. याला तिकडे पेनी लिलाव म्हणत. हे लोक क्रांतिकारक नव्हते. बहुतेक जण चर्चला जाणारे, मालमत्तेचा हक्क मानणारे, स्वतःची जमीन कसणारे शेतकरी होते. कर्ज बुडवायचं नाही, पण तीनपट फेडणारही नाही, अशी त्यांची भूमिका असावी असं मला वाटतं.

27 एप्रिल 1933 ला ल मार्स या गावच्या कोर्टात हे टोकाला गेलं. शेतकऱ्यांचा जमाव न्यायाधीश ब्रॅडली यांच्या कोर्टात घुसला आणि यापुढे जप्तीच्या हुकमांवर सही करणार नाही अशी शपथ घ्या म्हणाला. त्यांनी नकार दिला. त्यांना ओढून बाहेर काढलं, गावाबाहेर नेलं, गळ्यात दोर अडकवला, डोक्यावर वंगण आणि धूळ ओतली. शेवटी सोडून दिलं. त्यांनी शपथ मात्र घेतली नाही. गव्हर्नरने नॅशनल गार्डचे सैनिक पाठवून त्या परगण्यात लष्करी कायदा लावला. हे घडेपर्यंत राज्याने जप्तीला स्थगिती देणारा कायदा फेब्रुवारीतच केलेला होता, आणि न्यू यॉर्कच्या एका मोठ्या विमा कंपनीने आयोवातल्या जप्त्या त्याआधीच थांबवल्या होत्या. त्या कंपनीने हे दयेपोटी केलं असं मला वाटत नाही. जप्त केलेली जमीन विकायची कुणाला? जितकी विकावी तितका भाव पडणार आणि उरलेली सगळी तारणं आणखी हलकी होणार. एका खात्यावर जप्ती शहाणपणाची असते, एकाच वेळी हजार खात्यांवर ती स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड.

स्थगितीने वेळ मिळाला, वजन कमी झालं नाही. वजन कमी व्हायला भाव वर यायला हवे होते, आणि भावाच्या वाटेत सोनं उभं होतं. डॉलर सोन्याला बांधलेला, एक औंस म्हणजे 20 डॉलर 67 सेंट. सोनं बाहेर जाऊ नये म्हणून पैसा आवळून ठेवावा लागे. मार्च 1933 मध्ये रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष म्हणून आले, त्यांनी सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवून त्यातल्या धडधाकट तेवढ्या उघडल्या, आणि एप्रिलमध्ये डॉलर सोन्यापासून सोडवला. जानेवारी 1934 मध्ये औंसाचा नवा भाव 35 डॉलर ठरला.

इथे एक अडचण होती जी आज फारशी कुणाला आठवत नाही. त्या काळच्या कित्येक कर्जरोख्यांत आणि गहाणखतांत असं कलम असे की फेड सोन्याच्या मूळ भावाने करावी लागेल. सोनं 20 डॉलर 67 सेंटवरून 35 वर गेलं की अशा प्रत्येक कर्जाचं मुद्दल 69 टक्क्यांनी फुगलं असतं. म्हणजे औषधानेच रोगी मेला असता. म्हणून संसदेने जून 1933 मध्ये हे कलमच रद्द केलं. सावकारांच्या दृष्टीने हा सरळ वचनभंग होता, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी 1935 मध्ये पाच विरुद्ध चार अशा एका मताने सरकार वाचलं.

भाव मात्र कोर्टाची वाट बघत बसले नव्हते. फेब्रुवारी 1933 मधला तळाचा मका जुलैपर्यंत दुपटीहून जास्त वर आला. आणि त्याच वसंतात एक गोष्ट घडली जिच्यात कर्ज आणि खर्च हे दोन्ही धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात: मोटारींची विक्री शेतीप्रधान राज्यांत इतर राज्यांपेक्षा जास्त वेगाने वाढली. व्याजाला लागणारी डुकरं कमी झाली, तेव्हा दुकानात माणूस दिसला.

हेच वादळ आपल्याकडेही पोचलं होतं, आणि आपल्याकडे रुपया सोडवायला कुणी तयार नव्हतं. 1927 मध्ये सरकारने रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स ठरवला. मुंबईचे व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी रुपयाचा प्रश्न तपासणाऱ्या हिल्टन यंग आयोगात एक शिलिंग चार पेन्सचा आग्रह धरून वेगळं मत नोंदवलं होतं. दोन पेन्सचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण महाग रुपया म्हणजे इंग्लंड-जपानच्या बाजारात विकलेल्या कापसाचे कमी रुपये. त्यावर 1929 नंतर जगाचे भाव कोसळले. आपल्याकडे शेतसारा रोख रुपयांत, सावकाराचं खातं रुपयांत, आणि कापूस, ज्वारी मात्र मिळेल त्या भावाने. ब्रिटिश हिंदुस्थानातलं शेतीकर्ज त्या सुमारास सुमारे 900 कोटी रुपये असल्याचा बँकिंग चौकशी समितीचा अंदाज होता. यातला एकही रुपया नव्याने न घेता त्याचं ओझं किती वाढलं असेल, याचा हिशोब आयोवाच्या पद्धतीने कुणालाही मांडता येईल.

1931 च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनने सोनं सोडलं, पाउंड उतरला, रुपया पाउंडाला बांधलेला म्हणून सोन्याचा रुपयातला भाव चढला. मग खेड्यापाड्यांतून सोनं बाहेर पडू लागलं, आणि पेढ्यांमधून मुंबईच्या बंदरावर जाऊन बोटीत चढलं. कागदोपत्री ती निर्यात. घराघरांत ती पाटल्या, गोठ, मंगळसूत्राच्या वाट्या होती, सारा आणि व्याज भरायला मोडलेली. कर्जनिवारणाचा कायदा मुंबई इलाख्यात 1939 मध्ये झाला. आयोवाच्या स्थगितीच्या मानाने सहा वर्षांनी.

चलनघट आली आहे हे ओळखायचं कसं, असा प्रश्न मला अधूनमधून विचारतात, बहुधा घाऊक भावांचा आकडा शून्याखाली गेल्याची बातमी आली की. आपल्याकडे 2023 मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर घाऊक महागाईचा दर शून्याखाली होता, आणि चलनघट काही आली नाही, कारण पगार, भाडी, सेवा यांचे भाव चढतच होते. मी तीन गोष्टी बघतो. नव्या नेमणुकीचा पगार गेल्या वर्षीपेक्षा कमी ठरतोय का? स्वस्त दरातही नवं कर्ज मागायला येणारी माणसं आटलीत का? आणि नियमित खातेदार हप्ता भरायला काय विकतोय? पहिल्या दोन गोष्टी जपानमध्ये 1990 च्या दशकाच्या शेवटी दिसत होत्या. तिथे भाव वर्षाला एका टक्क्याहून जास्त क्वचितच उतरले, लिलाव किंवा फास कुठे दिसले नाहीत. पण वर्षानुवर्षं पगार जागचा हलला नाही आणि कंपन्या नफ्यातून फक्त जुनं कर्ज फेडत बसल्या. रोग तोच, ताप कमी.

आणि एका पिकाचा भाव पडणं ही देशाची चलनघट नसली, तरी त्या पिकावर कर्ज काढलेल्या माणसाला ती चलनघटच असते. कांदा मातीमोल होतो तेव्हा लासलगावच्या बाजारातून रिकाम्या हाताने परतणाऱ्याला महागाईचा राष्ट्रीय आकडा सांगून उपयोग नाही. त्याचं पीककर्ज क्विंटलात मोजा, मग कळतं.

आपल्या काल्पनिक शेतकऱ्याचा हिशोब अर्धाच राहिला. मे 1933 मध्ये शेतीच्या गहाणखतांसाठी केंद्र सरकारने कायदा केला, आणि जुनी कर्जं सरकारी भूबँकांकडे 5 टक्के किंवा त्याहून कमी दराने वळवता आली. त्याचं व्याज 600 वरून 500 डॉलरवर आलं असं धरू. 1935 मध्ये डुकराचा भाव 100 पौंडांना साडेआठ डॉलरच्या वर गेला होता. म्हणजे आता 26 डुकरं पुरणार होती, 1929 पेक्षाही दोन कमी. फक्त भाव चढावा म्हणून 1933 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सरकारनेच सुमारे 60 लाख डुकरं आणि पिल्लं विकत घेऊन मारून टाकली होती, 1934 मध्ये दुष्काळाने मका करपला होता, आणि गोठ्यात तेवढी डुकरं उरली असतील तर.